थोरला, धाकटा आणि ‘मोअर बेटर’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं की, “तू कॉम्प्युटरवाली आहेस, मुलांना करिअरवर काहीतरी सांग.” करिअरवर बोलणारे आज चार जण आहेत, हे कार्यक्रमपत्रिकेत मी आधीच बघितलं होतं. म्हणून मी दुसराच विषय मागून घेतला. इंग्रजीच्या पेपरात व्याकरणाचे जे छोटे छोटे प्रश्न येतात, त्यांतल्या तीन जागी आपली मुलं ठरावीक पद्धतीनं अडकतात. त्या तीन जागांवर मी बोलणार आहे. हे भाषण आहे की जादा तास, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंय. जादा तासच समजा.

दिवाळीत मी गावी आले होते, तेव्हा इंग्रजीच्या बाईंनी दहावीच्या सराव पेपरांचा एक गठ्ठा माझ्याकडे दिला. म्हणाल्या, “बघ गं जरा, मी लाल पेन फिरवून दमले.” मी बघितला. माझं रोजचं काम प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं आहे. त्या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. एखादी चूक एकदा झाली तर ती नजरचूक असते. तीच चूक दहा वेगवेगळ्या ठिकाणी त्याच रूपात दिसली, तर आत कुठेतरी कारण आहे आणि ते कारण सापडतं. त्या गठ्ठ्यात तीन वाक्यं पुन्हा पुन्हा होती. नावं बदलत होती, पण साचा तोच होता. एक, “धिस पेन इज मोअर बेटर दॅन दॅट.” दोन, “ही इज एल्डर दॅन मी.” आणि तीन, शब्दांचा क्रम लावायच्या प्रश्नात, “अ ग्लास बिग जार.”

ही वाक्यं परीक्षेत एका-एका मार्काची आहेत, मग त्यांच्यासाठी एवढा वेळ का घालवायचा, असं वाटेल. एक प्रसंग सांगते. मागे एका कंपनीत आमच्या टीममध्ये आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा नवीन लागला होता. मराठी माध्यमात शिकलेला, कामाला चोख. एका मीटिंगमध्ये रात्रीचा हिशेब चुकण्याचं कारण त्यानं शोधून काढलं होतं आणि तो उपाय सांगत होता. बोलता बोलता तो “धिस वे इज मोअर बेटर” असं म्हणाला. टेबलापलीकडच्या दोघांनी एकमेकांकडे बघून हसू दाबलं. त्यानं ते पाहिलं आणि पुढचं वाक्य अर्धंच राहिलं. त्याचा उपाय बरोबर होता. तोच उपाय आठ दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी मांडला आणि तो मान्य झाला. ते दोन शब्द त्याला महागात पडले. मला राग आला तो हसणाऱ्यांचा. पण नंतर मी विचार करत राहिले की हा मुलगा इतका हुशार, मग हेच दोन शब्द त्याच्या तोंडी का आले?

याचं उत्तर मराठीत आहे. मराठीत तुलना करताना आपण विशेषणाला हातच लावत नाही. “वारणा मोठी आहे.” “मोरणेपेक्षा वारणा मोठी आहे.” “सगळ्यांत मोठी नदी.” तिन्ही वाक्यांत ‘मोठी’ जशीच्या तशी आहे. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’नं आणि ‘सगळ्यांत’नं उचललंय. इंग्रजीत तसं नाही. तिथं ‘दॅन’ तर लागतोच, पण शिवाय विशेषणालाही रूप बदलावं लागतं. बिगचं बिगर होतं आणि ब्यूटिफुलच्या आधी मोअर येतं. म्हणजे इंग्रजीत तुलनेची खूण दोन ठिकाणी करावी लागते, आपल्याकडे एकाच ठिकाणी. आपलं मूल ‘दॅन’ लिहितं, कारण तो त्याला ‘पेक्षा’सारखा वाटतो. पण विशेषणाच्या बदललेल्या रूपात तुलना भरलेली आहे, हे त्याच्या कानाला जाणवत नाही. मराठीत तसा अनुभवच नसतो.

त्यात ‘बेटर’ची आणखी एक गंमत आहे. हा शब्द आता मराठीत राहायला आलाय. “आता कसं वाटतंय?” “बेटर वाटतंय.” इथं कुणाशी तुलना आहे? कुणाशीच नाही. आपण ‘बरं वाटतंय’ याच अर्थानं ‘बेटर’ म्हणतो. ‘बेस्ट’चंही तेच. “भजी कशी झाली?” “एकदम बेस्ट.” म्हणजे चांगली झाली, एवढंच. मराठीत येताना या दोन शब्दांची तुलनेची धार गेली आणि ते साधे ‘बरं’ आणि ‘छान’ झाले. मग ज्याला ‘बेटर’ म्हणजे ‘बरं’ वाटतं, त्याला ‘जास्त बरं’ म्हणायचं असेल तर तो ‘जास्त बेटर’ म्हणणार. हे आपण घरात रोज म्हणतो आणि मराठी म्हणून ते ठीकच आहे. तेच इंग्रजीत नेलं की ‘मोअर बेटर’ होतं. तो मुलगा मीटिंगमध्ये इंग्रजी शब्दांत मराठीच बोलत होता.

शब्दांची धार अशी बोथट होणं ही काही आपल्याच काळाची गोष्ट नाही. ‘उत्तम’ या शब्दाच्या शेवटी ‘तम’ आहेच, म्हणजे मुळात तो ‘सगळ्यांत वरचा’. तरी आपण ‘अधिक उत्तम’ बिनदिक्कत लिहितो. संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हे तमभावाचंच रूप आहे, पण त्याला पुन्हा ‘तम’ जोडून ‘श्रेष्ठतम’ वेदकाळीच झालं होतं. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात तो शब्द आहे. इंग्रजांचंही वेगळं नाही. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकात प्रॉस्पेरोच्या तोंडी चक्क ‘मोअर बेटर’ आहे. हे नाटक 1623च्या संग्रहात छापलं गेलं आणि त्या काळी त्यावर कुणी लाल पेन फिरवलं नाही. जोर द्यायचा असेल तर अशी दुहेरी रूपं तेव्हा सर्रास चालत. पुढे व्याकरणाची पुस्तकं आली. रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्यानं 1762 साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्यात दुहेरी रूपं अयोग्य ठरवली. शाळांनी ते उचललं आणि आज ती चूक आहे. म्हणून कुणी ‘मोअर बेटर’ म्हणालं तर त्याला अडाणी समजू नये. पण पेपरात मात्र ते लिहू नये. परीक्षक शेक्सपिअरच्या काळात राहत नाहीत.

आता हे सुधारायचं कसं? वर्गात आपण एक ठोकताळा देतो की शब्दाच्या शेवटी ‘अर’ आला की मोअर नको. ऐकायला सोपा आहे. पण तो कुठे फसतो हे मी मशीनवर करून बघितलं. बाईंनी मुलांचे काही निबंध टाइप करून ठेवले होते. त्या फाइलवर मी हा एका ओळीचा शोध चालवला. मोअर किंवा मोस्ट आणि त्याच्या पुढे ‘अर’ किंवा ‘एस्ट’नं संपणारा शब्द असेल ती ओळ दाखव, एवढाच त्याचा अर्थ:

```
grep -niE '\b(more|most) [a-z]+(er|est)\b' nibandh.txt
```

मशीननं ‘मोअर बेटर’ पकडलं, ‘मोअर टॉलर’ पकडलं, ‘मोस्ट ईझिएस्ट’ही पकडलं. इथपर्यंत छान. पण त्यानं ‘मोअर वॉटर’सुद्धा पकडलं. ‘वी नीड मोअर वॉटर’ या वाक्यात काय चूक आहे? काहीच नाही. ‘मोअर ईगर’ पकडलं, ‘मोस्ट ऑनेस्ट’ पकडलं. दोन्ही शुद्ध आहेत. आणि एका मुलीनं ‘मोअर वर्स’ लिहिलं होतं, ते मात्र मशीनच्या हातून सुटलं, कारण ‘वर्स’च्या शेवटी ‘अर’ नाही. म्हणजे हा ठोकताळा दोन्हीकडून गळका आहे. तो निर्दोषाला धरतो आणि चोराला सोडतो. मशीनचं जाऊ द्या, गठ्ठ्यात एका मुलानं हा नियम इमानदारीनं पाळून “ही इज ईगर दॅन हिज ब्रदर” लिहिलं होतं. ‘ईगर’मध्ये ‘अर’ दिसला, म्हणून त्यानं हवा असलेला मोअर काढून टाकला. नियम पाळला म्हणून मार्क गेला.

म्हणून शेवटाकडे बघण्याऐवजी शेपूट काढून बघा. ‘टॉलर’मधून ‘अर’ काढला तर ‘टॉल’ उरतो, उंच. अर्थाचा शब्द उरला, म्हणजे ते शेपूट तुलनेचंच होतं आणि मोअरचं काम आधीच झालंय. ‘ईझिअर’मधून काढला तर ‘ईझी’ उरतो. ‘ईगर’मधून काढून बघा, उरतं ते ‘ईग’. याला काही अर्थ नाही. म्हणजे तिथला ‘अर’ मूळ शब्दाचाच अवयव आहे, आणि तुलना करायची तर मोअर लागणारच. ‘प्रॉपर’, ‘बिटर’ हे त्याच जातीचे. ‘क्लेव्हर’ही त्यांतलाच, फक्त त्याला दोन्ही रूपं चालतात, मोअर क्लेव्हर आणि क्लेव्हरर. आता उरले ते अंगाखांद्यासकट बदलणारे मोजके शब्द. गुडचा बेटर, बॅडचा वर्स, लिटलचा लेस, फारचा फार्दर. यांना कुठलीच चाचणी लावता येत नाही. ते पाढ्यासारखे पाठ करायचे. यादी एका हाताच्या बोटांवर मावते, त्यामुळे तक्रार करू नये.

पण एवढ्यानंही काम पुरं होत नाही. ही गोष्ट बहुतेक वर्गांत सुटते. बाई ‘मोअर बेटर’मधला मोअर खोडतात आणि ‘बेटर’ शिल्लक ठेवतात. वाक्य शुद्ध झालं. पण मुलाला जे म्हणायचं होतं ते गेलं. त्याला नुसतं ‘बरं’ म्हणायचं नव्हतं, ‘कितीतरी बरं’ म्हणायचं होतं. तो जोर त्याला हवाच आहे, म्हणून पुढच्या खेपेला तो मोअर पुन्हा घालतो. खोडलेल्या शब्दाच्या जागी दुसरा दिल्याशिवाय ही सवय जात नाही. इंग्रजीत त्या जोरासाठी वेगळे शब्द आहेत. ‘कितीतरी चांगलं’ म्हणजे ‘मच बेटर’. ‘हे चांगलं, ते आणखी चांगलं’ असेल तर ‘ईव्हन बेटर’. ‘कालच्यापेक्षा जरा बरं’ असेल तर ‘अ लिटल बेटर’. मोअर लिहावंसं वाटलं की थांबून स्वतःला मराठीत विचारायचं, मला ‘कितीतरी’ म्हणायचंय, ‘आणखी’ म्हणायचंय की ‘जरा’? आणि त्याचा शब्द घालायचा. ‘व्हेरी बेटर’ मात्र चालत नाही. ‘व्हेरी’ साध्या रूपासोबत जातो, ‘मच’ तुलनेच्या रूपासोबत. मीटिंगमधल्या त्या मुलाला नंतर चहाच्या वेळी मी एवढंच सांगितलं, “मोअरच्या जागी मच म्हण.” त्यानं विचारलं, “मग इतकी वर्षं मला नुसतं चूक-चूक का सांगितलं?”

दुसरी जागा ‘एल्डर’ची. इथं मात्र मराठी आपल्याला खड्ड्यात पाडत नाही, उलट वर काढते. अट एकच, आपली जुनी मराठी आठवायची.

आजकाल घरात आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. “माझा मोठा भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे.” पहिला ‘मोठा’ म्हणजे भावंडांतलं त्याचं स्थान. दुसरा ‘मोठा’ म्हणजे वयाची तुलना. शब्द एकच असल्यामुळे मूल शिकतं की मोठा म्हणजे एल्डर, आणि दोन्हीकडे एल्डर घालतं. इंग्रजीत पहिल्या जागी एल्डर बसतो, दुसऱ्या जागी ओल्डरच लागतो. “माय एल्डर ब्रदर इज थ्री इयर्स ओल्डर दॅन मी.”

आता आपापल्या आजीचं बोलणं आठवा. आपल्या शिराळा पेठ्यातली कुठलीही आजी “थोरला पुण्याला असतो, मधला शेती बघतो, धाकला शाळंत हाय” असं म्हणेल. थोरला, मधला, धाकटा ही स्थानं आहेत, मापं नाहीत. थोरला पाच वर्षांचा असला तरी थोरलाच. थोरल्या जाऊबाई वयानं धाकटीपेक्षा लहान असल्या तरी थोरल्याच, कारण त्यांचा नवरा थोरला. इतिहासातही आपण थोरले बाजीराव, थोरले माधवराव म्हणतो. आणि मुख्य म्हणजे ‘थोरला’च्या आधी ‘माझ्यापेक्षा’ लावावंसं सहसा वाटत नाही. “थोरला माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा” असंच आजी म्हणेल. एल्डर तंतोतंत असाच आहे. तो नात्यातल्या माणसाच्या नावाआधी बसतो आणि त्याच्या मागून ‘दॅन’ येत नाही.

म्हणून रिकामी जागा आली की तिथं ‘थोरला’ किंवा ‘थोरली’ घालून वाचायचं. “माझी — बहीण कऱ्हाडला नोकरी करते.” थोरली बहीण. बसतं. मग एल्डर. “ती माझ्यापेक्षा — आहे.” थोरली आहे? जीभ अडखळते, ‘मोठी’च म्हणावंसं वाटतं. मग ओल्डर. “हे देऊळ त्या वाड्यापेक्षा — आहे.” इथं आपण ‘जुनं’ म्हणतो, थोरलं नाही. मग ओल्डर. भावंडं तीन किंवा जास्त असली आणि सगळ्यांत थोरला सांगायचा असला की एल्डेस्ट.

एल्डर असा का वागतो, यालाही कारण आहे. जुन्या इंग्रजीत ‘ओल्ड’चं तुलनेचं रूपच ‘एल्डर’ होतं. आतला स्वर बदलायचा आणि शेपूट जोडायचं. पुढे लोकांनी इतर विशेषणांच्या चालीवर ‘ओल्डर’ हे सरळ रूप पाडलं आणि तुलनेचं रोजचं काम त्याच्याकडे गेलं. म्हातारा एल्डर कुटुंबातल्या मानाच्या जागेवर बसून राहिला. अगदी आपल्या ‘ज्येष्ठ’सारखं. संस्कृतात ज्येष्ठ म्हणजे सगळ्यांत मोठा, एकच असायचा. आज साठी ओलांडलेला प्रत्येक जण ज्येष्ठ नागरिक आहे.

इथं शिक्षकांसाठी एक सांगायचंय. “माय ओल्डर ब्रदर” हेही शुद्ध इंग्रजी आहे. अमेरिकेत तर बहुतेक तेच ऐकू येतं. म्हणजे “माय — ब्रदर” या रिकाम्या जागेसाठी पर्यायांत एल्डर आणि ओल्डर दोन्ही दिले असतील, तर त्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत. आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांना एल्डर अपेक्षित असतो, म्हणून मुलांनो, तुम्ही एल्डर लिहा आणि मार्क घ्या. पण सर, बाई, आपल्या घटक चाचणीत हा प्रश्न काढताना ‘दॅन’ असलेलं वाक्य द्यावं. मग उत्तर एकच उरतं आणि ज्याला समजलंय तोच बरोबर येतो. आणि कुणी ‘ओल्डर ब्रदर’ लिहिलं तर त्याचा मार्क कापू नये.

तिसरी जागा विशेषणांच्या क्रमाची. एका नामाआधी तीन-चार विशेषणं देतात आणि क्रम लावायला सांगतात. यासाठी मुलं एक लांबलचक यादी पाठ करतात. मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय, कशासाठी आहे. आठ कप्पे. पेपरात घाईच्या वेळी त्यातले दोन उलटसुलट होतातच.

खरं तर ही यादी बरीचशी आपल्या कानात आधीच आहे. नागपंचमीचं शिराळा आपलं, म्हणून नागाचंच घेऊ. “मोठा काळा नाग” म्हणाल की “काळा मोठा नाग”? पहिलंच. ‘काळा मोठा’ कानाला खटकतं. इंग्रजीतही बिग ब्लॅक असंच. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किननं आपल्या लहानपणची आठवण सांगितली आहे. त्यानं ड्रॅगनची गोष्ट लिहिली तेव्हा आईनं सांगितलं की ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ म्हणता येत नाही, ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’ म्हणायचं. असं का, हे त्याला कळलं नाही. आईचा कान सांगत होता. तसाच कान आपल्यालाही आहे, कारण मराठीतही विशेषणं नामाच्या आधीच येतात आणि वस्तूच्या अंगचा गुण नामाला चिकटून बसतो. पेटी सुंदर आहे हे माझं मत, तुमचं वेगळं असेल. मोठी आहे हे शेजारच्या पेटीवर अवलंबून. पण ती लाकडी आहे यात वाद नाही. म्हणून ‘लाकडी’ सगळ्यांत जवळ, ‘मोठी’ त्याच्या अलीकडे, ‘सुंदर’ सगळ्यांत लांब. सुंदर मोठी लाकडी पेटी. अ ब्यूटिफुल बिग वुडन बॉक्स.

मग “ग्लास बिग जार” कुठून आलं? मी त्या उत्तरांकडे बराच वेळ बघत होते. लाकडी आणि लोखंडी वस्तूंच्या प्रश्नांत मुलं फारशी चुकली नव्हती. काच, सोनं, तांबं, माती आली की चुकत होती. मग लक्षात आलं. लाकूड, लोखंड, दगड, रेशीम यांची मराठीत सुटसुटीत विशेषणं आहेत, लाकडी, लोखंडी, दगडी, रेशमी. ती नामाला चिकटतात. काचेला तसं रोजच्या वापरातलं विशेषण नाही. आपण ‘काचेची’ म्हणतो. सोन्याची, तांब्याचा, मातीची, प्लास्टिकची. आणि हा ‘चा-ची-चे’वाला शब्द मराठीत पुढे पळतो. “काचेची मोठी बरणी.” “सोन्याची जाड पाटली.” “मातीची लहान मडकी.” हे आपल्या कानाला अगदी गोड लागतं. तोच क्रम इंग्रजीत उतरवला की ग्लास बिग जार. ‘लाकडाची मोठी पेटी’ म्हणून बघा, तेच लाकूड ‘ची’ लागल्याबरोबर पुढे पळालं.

म्हणजे कान कधी दगा देतो हे आता नेमकं सांगता येतं. प्रश्नातले शब्द मनात मराठीत ठेवताना ‘चा-ची-चे’ आला का ते बघायचं. आला नाही, तर कानावर विश्वास ठेवा. आला, तर तो शब्द उचलून नामाच्या अगदी अलीकडे आणून ठेवा आणि मग लिहा. परवाच्या सरावातला प्रश्न घेऊ. शब्द दिलेत गोल्ड, ओल्ड, हेव्ही, ब्यूटिफुल, आणि नाम आहे बँगल. मराठीत तोंडातून येतं, “सोन्याची सुंदर जड जुनी बांगडी.” ‘सोन्याची’ला ‘ची’ आहे. उचलला, शेवटी ठेवला. सुंदर, जड, जुनी, सोन्याची. अ ब्यूटिफुल हेव्ही ओल्ड गोल्ड बँगल. झालं.

एका ठिकाणी मात्र कान आणि इंग्रजी यांचं खरंच जमत नाही. आपण “जुना मोठा वाडा” म्हणतो, ते आपल्या जिभेवर आधी येतं. इंग्रजीत आकारमान आधी, वय नंतर, बिग ओल्ड हाउस. ही जोडी तेवढी पाठ करावी लागेल. आठ कप्प्यांऐवजी दोन.

दहावीच्या मुलांसाठी आजचे सगळे प्रश्न आणि अजून काही, असा एक कागद मी झेरॉक्स करून आणलाय. जेवणानंतर बाईंच्या टेबलावर मिळेल. त्यातला शेवटचा प्रश्न घरी करायचाय. घरातल्या पाच वस्तू निवडा, प्रत्येकीला तीन विशेषणं लावा, आधी आजीला मराठीत म्हणायला लावा आणि ती कशी म्हणते ते जसंच्या तसं लिहून घ्या. मग खाली त्याचं इंग्रजी लिहा. कागद बाईंकडे द्या. पुढच्या वेळी आले की मी ते सगळे वाचणार आहे, विशेषतः मराठीतल्या ओळी.